इअरफोन एकाच बाजूने वाजतो: वायर जॅकपाशी तुटली की सांध्यापाशी?

प्रश्न: माझ्या वायरच्या इअरफोनची फक्त डावी बाजू वाजते. जॅक थोडा फिरवला की उजवी बाजूही क्षणभर येते आणि परत जाते. माईक आणि बटण चालू आहे. वायर जॅकपाशी तुटली आहे की जिथे तिचे दोन फाटे होतात त्या सांध्यापाशी, हे कापण्याआधी कसं ओळखायचं? घरी मल्टीमीटर आणि सोल्डरिंग आयर्न आहे.

उत्तर: जॅक फिरवल्यावर आवाज येतो एवढ्यावरून जॅक कापायला घेऊ नका. जॅक फिरवताना एकाच वेळी तीन ठिकाणी हालचाल होते. सॉकेटच्या आतले पत्रे जॅकवर घासतात, जॅकच्या मानेतली वायर वाकते, आणि वायरला बसलेला पीळ पुढे सरकत जिथे ती घट्ट धरलेली असते तिथपर्यंत जातो. ती घट्ट जागा बहुतेक इअरफोनमध्ये सांधाच असते. म्हणजे तुटलेली जागा सांध्यात असली तरी जॅक फिरवल्यावर आवाज येऊ-जाऊ शकतो. खाली जी पद्धत सांगतो तिचं सूत्र एवढंच: एका वेळी वायरचा एकच तुकडा हलू द्यायचा, बाकीची वायर जखडून ठेवायची.

त्याआधी वायरचा दोष नसलेल्या गोष्टी बाजूला काढा. इअरफोन दुसऱ्या एखाद्या उपकरणाला लावून पाहा. दुसरीकडे दोन्ही बाजू नीट वाजल्या तर दोष फोनचा आहे. फोनच्या सॉकेटच्या तळाशी खिशातली लव दाबून बसते, त्यामुळे जॅक मिलिमीटरभर बाहेर राहतो आणि आतले पत्रे चुकीच्या कड्यावर टेकतात. फोन बंद करून लाकडी टूथपिकने ती लव हळूच उकरून काढा, धातूची सुई आत घालू नका. फोनच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये डाव्या-उजव्या आवाजाची पट्टी असते, ती मधोमध आहे का तेही पाहा. कधी चुकून बोट लागून ती एका टोकाला गेलेली असते आणि लोक नवीन इअरफोन आणून मोकळे होतात.

आवाजाची जात ऐका, त्यातून बरंच कळतं. एक बाजू वाजते पण कायम मंद आणि दबकी, आणि वायर कितीही हलवली तरी फरक पडत नाही, असं असेल तर वायर तुटलेली नाही. इअरफोनच्या जाळीत कानातला मळ बसला आहे किंवा आतला ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारा छोटा स्पीकर, गेला आहे. तुटलेली वायर अशी मंद वाजत नाही. ती एक तर पूर्ण गप्प असते, नाहीतर खरखर करत येते आणि जाते. तिसरा प्रकार फसवा आहे: दोन्ही बाजू वाजतात, पण गायकाचा आवाज जवळजवळ नाहीसा होतो आणि मागची वाद्यं पोकळ, लांबून आल्यासारखी ऐकू येतात. तेव्हा दोन्ही बाजूंची सामाईक ग्राउंड वायर तुटलेली असते. ग्राउंड नसल्यामुळे दोन्ही ड्रायव्हर एकामागे एक जोडले जातात आणि डाव्या-उजव्या सिग्नलमधला फरक तेवढा वाजतो. गायकाचा आवाज दोन्हीकडे सारखाच असल्यामुळे तो वजा होतो. तुमच्या वर्णनात हे नाही, त्यामुळे तुमची सामाईक ग्राउंड शाबूत आहे असं धरून पुढे जाऊ.

तपासणीसाठी गाणं वापरू नका. पुष्कळ गाण्यांत एखादं वाद्य एकाच बाजूला ठेवलेलं असतं, मग बाजू गेली की वाद्य थांबलं हे कळत नाही. एकाच माणसाचं सलग बोलणं लावा.

आता जॅककडे नीट पाहा. तुमच्याला माईक आहे, म्हणजे जॅकवर तीन काळ्या किंवा पांढऱ्या रेघा असतील आणि त्यांच्यामुळे धातूचे चार भाग झाले असतील. टोकाचा भाग डावी बाजू, त्याच्यामागचं पहिलं कडं उजवी बाजू. सध्याच्या बहुतेक फोनच्या इअरफोनमध्ये त्यामागचं दुसरं कडं ग्राउंड असतं आणि वायरकडचा शेवटचा भाग माईक. काही जुन्या इअरफोनमध्ये शेवटच्या दोघांची अदलाबदल असते. माईक नसलेल्या जॅकवर दोनच रेघा असतात आणि वायरकडचा मोठा भाग ग्राउंड असतो.

मीटर 200 ओमच्या रेंजवर ठेवा आणि टोकाचा भाग ते ग्राउंड मोजा. इअरफोनचा ड्रायव्हर साधारण 16 किंवा 32 ओमचा असतो, त्यात मीटरच्या वायरींचा अर्धा-एक ओम आणि इअरफोनच्या बारीक वायरचा थोडासा मिळवा. तुमची डावी बाजू वाजते, तेव्हा इथे 17 किंवा 33 असं काही दिसेल. मग पहिलं कडं ते ग्राउंड मोजा. वायर तुटलेली असेल तर मीटर OL दाखवेल, काही मीटरवर नुसता डावीकडे 1 दिसतो. टोक ते पहिलं कडं हे मापही घ्या. दोन्ही बाजू धड असतील तर इथे दुप्पट आकडा दिसतो. सामाईक ग्राउंड तुटली असेल तर पहिली दोन मापं OL येतात आणि हे तिसरं मात्र दुप्पट येतं. तुमच्या बाबतीत तिसरंही OL यायला हवं.

या मापाची एक मर्यादा लक्षात ठेवा. बारीक तारांपैकी निम्म्या तुटल्या आणि निम्म्या शिल्लक असल्या तरी मीटरला काही कळत नाही, कारण सेंटिमीटरभर बारीक तारेचा रोधच इतका कमी असतो की तो ओमच्या दशांशातही दिसत नाही. म्हणून वायर सरळ असताना आकडा चांगला आला याचा अर्थ वायर चांगली आहे असा होत नाही. वाकवताना आकडा उडतो का, हे महत्त्वाचं.

आणि आकडा उडताना पाहण्यापेक्षा ऐकणं सोपं आहे. मीटर ओमच्या रेंजवर असताना ड्रायव्हरमधून किंचित करंट जातो, त्यामुळे प्रोब टेकवताना आणि उचलताना त्या बाजूच्या इअरफोनमध्ये टक्‌ असा आवाज येतो. मीटरचा आकडा सेकंदात दोन-तीन वेळाच बदलतो, क्षणभर जुळून सुटलेला संपर्क तो गाळून टाकतो. कानाला मात्र तो स्पष्ट कळतो. बझरवरही फार विसंबू नका. कित्येक मीटरचा बझर साधारण 30 ते 50 ओमच्या खालीच वाजतो, त्यामुळे 32 ओमचा धड इअरफोनही काही मीटरवर गप्प बसतो.

तर असं करा. मीटरचा एक प्रोब ग्राउंडच्या कड्यावर आणि दुसरा उजव्या बाजूच्या कड्यावर पक्का बसवा. क्रोकोडाइल क्लिप असतील तर उत्तम, पण कडी अरुंद असतात, दोन क्लिप एकमेकींना लागणार नाहीत याची काळजी घ्या. क्लिप नसतील तर जॅक टेबलावर चिकटपट्टीने बसवा आणि प्रोब दुसऱ्या कुणाला धरायला सांगा. उजवा इअरफोन कानाशी धरा, आत घालू नका. आता फोनचं सॉकेट या तपासणीतून पूर्ण बाहेर गेलं. जे काही खरखरेल ते वायरमध्येच.

यापुढे खरी शोधाशोध. वायर टेबलावर सरळ पसरा. जॅकच्या मानेपासून साधारण 5 सेंटिमीटरवर वायरवर चिकटपट्टीचा रुंद तुकडा दाबून बसवा, म्हणजे त्याच्या पुढे हालचालही जाणार नाही आणि पीळही जाणार नाही. आता फक्त जॅक आणि पट्टी यांच्यामधला तुकडा हलवा: आधी वर-खाली, मग डावी-उजवीकडे, मग जॅक स्वतःभोवती थोडा फिरवून, आणि शेवटी वायर मानेकडे हलकेच ढकलून. ढकलणं विसरू नका. तुटलेल्या तारांची टोकं ताणल्यावर दूर जातात आणि ढकलल्यावर जुळतात, त्यामुळे पूर्ण गप्प असलेली बाजू ढकलल्यावरच बोलते. इथे खरखर आली तर दोष जॅकपाशी आहे, विषय संपला.

इथे काहीच आलं नाही तर पट्टी काढा. एक पट्टी सांध्याच्या जॅककडच्या बाजूला 5 सेंटिमीटरवर लावा आणि सांध्यानंतर दोन्ही फाट्यांवर तेवढ्याच अंतरावर एकेक लावा. आता सांधा आणि त्याच्या आजूबाजूचा तुकडाच मोकळा आहे. सांध्याचं टोपण बोटांत धरून तीनही वायरी एकेक करून ढकला आणि वाकवा. मग याच रीतीने माईकची डबी, आणि शेवटी इअरफोनमध्ये वायर शिरते ती जागा. मधली सरळ वायर सहसा तुटत नाही. ती तुटते जिथे कडक भाग संपतो आणि मऊ वायर सुरू होते, कारण सगळा वाक त्या एका रेषेवर येतो. खुर्चीच्या चाकाखाली आलेली किंवा दारात चेमटलेली वायर हा अपवाद, पण तिथे बाहेरच्या आवरणावर खूण दिसते.

जागा सापडली की आणखी बारकाईने शोधा. दोन्ही हातांच्या अंगठा-तर्जनीत वायर धरा, मध्ये जेमतेम 5 मिलिमीटर मोकळी ठेवा, आणि तेवढीच वाकवत पुढे सरका. तुटलेल्या जागी वायर हाताला वेगळी लागते. इतर ठिकाणी ती गोल वळते, इथे एकदम कोन करून दुमडते, कारण आत तांब्याचा कणा उरलेला नसतो. आवरण मात्र बाहेरून पूर्ण शाबूत दिसतं, आणि ओढूनही वायर सुटत नाही. त्याचं कारण आत गेल्यावर दिसेल: तांब्याच्या केसाएवढ्या तारा एका मजबूत धाग्याभोवती किंवा धाग्यांसोबत असतात. तारा तुटतात, धागा तसाच राहतो.

आता तुमच्यासारखंच एक प्रकरण सांगतो. माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या एका इअरफोनची उजवी बाजू बंद होती, माईक आणि बटण चालू होतं, जॅक फिरवला की उजवी बाजू येत होती. आणणाऱ्याने नवीन जॅकही सोबत आणला होता. टोक ते ग्राउंड 16.9 ओम, पहिलं कडं ते ग्राउंड OL, टोक ते पहिलं कडं OL. जॅकपासून 5 सेंटिमीटरवर पट्टी लावली आणि मान सगळ्या दिशांनी वाकवली, ढकलली, पिळली. कानात काहीच नाही. पट्टी काढून जॅक बोटांत फिरवला तर लगेच खरखर. म्हणजे हालचाल पट्टीच्या पुढे कुठेतरी पोचत होती आणि तिथे काम करत होती.

यात माईकच्या डबीने मदत केली. त्या इअरफोनमध्ये डबी उजव्या फाट्यावर होती, सांध्याच्या वर. उजव्या ड्रायव्हरच्या दोन्ही वायरी आणि माईकची वायर डबीतल्या छोट्या सर्किटवर येतात आणि ग्राउंड माईकला व ड्रायव्हरला तिथून मिळते. बटण चालतं, म्हणजे जॅकपासून डबीपर्यंतची त्या फाट्यातली ग्राउंड आणि माईकची वायर धड आहे. उरली उजव्या सिग्नलची एकटी वायर, किंवा डबीपासून इअरफोनपर्यंतचा शेवटचा तुकडा. बटणही गेलं असतं तर संशय सांधा ते डबी या भागातल्या ग्राउंडवर गेला असता. तुमची डबी कोणत्या फाट्यावर आहे ते पाहा. ती डाव्या फाट्यावर किंवा सांध्याच्या खाली असेल तर हा तर्क लागू पडणार नाही.

मग सांध्याच्या तीनही बाजूंना पट्ट्या लावल्या आणि जॅककडून येणारी वायर टोपणात हलकेच ढकलली. कानात टक्‌ झालं आणि मीटरवर 17 चा आकडा चमकून गेला. सोडली की परत OL. डबी आणि इअरफोनचा तोंडाचा भागही त्याच रीतीने पाहिला, तिथे शांतता. टोपण ब्लेडने शिवणीवर उघडलं. टोपणाच्या जॅककडच्या कडेपासून आत 2-3 मिलिमीटरवर लाल लेपाच्या तारा सरळ रेषेत तुटल्या होत्या, टोकं काळपट पडली होती, आणि मधला धागा एकटा दोन्ही बाजूंना जोडून होता. शेजारची हिरवी आणि तांबूस वायर धड होती. फोन खिशात ठेवताना वायर त्या कडेवर दुमडत असणार. नवीन जॅकला हात लावावा लागला नाही.

जॅक कापून पुढची दुरुस्ती केली असती तर काय झालं असतं पाहा: चार बारीक डाग देऊन झाल्यावरही उजवी बाजू तशीच गप्प, आणि आता आपण दिलेले डागही संशयित. म्हणून जागा ठरल्याशिवाय कात्री नको.

ज्यांची बाजू पूर्ण मेली आहे, ढकलून-वाकवूनही एकदाही टक्‌ येत नाही, त्यांच्यासाठी आणखी एक उपाय आहे. मीटरला कपॅसिटन्सची रेंज असेल तर मेलेल्या बाजूचं कडं आणि ग्राउंड यांच्यामध्ये मोजा, आधी प्रोब मोकळे ठेवून येणारा आकडा वजा करा. शेजारी-शेजारी चालणाऱ्या दोन वायरींमध्ये थोडी कपॅसिटन्स असते आणि ती लांबीबरोबर वाढते. तुटलेली जागा जॅकला चिकटून असेल तर आकडा जवळजवळ शून्य येतो, कारण जॅकला जोडलेली वायर उरतेच सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर. वायर पुढे बरीच शाबूत असेल तर काही दहा पिकोफॅरड किंवा त्याहून जास्त दिसतात. यातून नेमकी जागा कळत नाही, पण जॅक की पुढे कुठेतरी, एवढा निकाल मिळतो. मीटर पिकोफॅरडपर्यंत वाचणारा हवा. जाड रेंजचा मीटर दोन्ही वेळा शून्यच दाखवेल. टाचणी टोचून वायरमधून सिग्नल शोधायची युक्ती मात्र इथे करू नका. आतल्या प्रत्येक तारेवर लाखेचा लेप असतो, टाचणीचा संपर्क होतो किंवा होत नाही, आणि आवरणाला भोक पडतं ते पडतंच.

दोष जॅकपाशी निघाला तर जॅकच्या रबरी शेपटीच्या पुढे, तुटलेल्या जागेपासून निदान 2 सेंटिमीटर अंतर सोडून कापा. तुटलेल्या जागेच्या आजूबाजूची तार वाकून-वाकून ठिसूळ झालेली असते. आत घाम शिरला असेल तर ती हिरवट-काळीही पडते, आणि काळ्या तांब्यावर सोल्डर चिकटत नाही. चमकदार तांबं लागेपर्यंत मागे सरका. कापल्या-कापल्या नवीन जॅकचं झाकण आणि हीट श्रिंक ट्यूब वायरमध्ये ओवून ठेवा, डाग दिल्यावर ती घालता येत नाही. चार भागांच्या वायरला चार भागांचाच जॅक घ्या.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो लाखेच्या लेपाने. लाल, हिरवा, निळा, तांबूस हे रंग म्हणजे त्या लेपाचे रंग आहेत, आणि लेप असताना सोल्डर गोळा होऊन घसरतं. वरून डाग लागल्यासारखा दिसतो, पण आत जोड झालेला नसतो. आयर्न साधारण 370 ते 400 अंशांवर ठेवा, टोकावर सोल्डरचा टपोरा थेंब घ्या आणि तारेचं 3-4 मिलिमीटरचं टोक त्या थेंबात बुडवून ठेवा. धूर निघतो, लेप जळतो, आणि दोन-तीन सेकंदांत टोक चंदेरी होतं. धूर श्वासात घेऊ नका. टोक पूर्ण चंदेरी दिसत नसेल तर थोडा फ्लक्स लावून परत बुडवा. बरोबरचा धागा आधी मागे सारून कापून टाका, तो जळून चिकट होतो आणि डागात अडकतो.

रंगांवर विश्वास ठेवू नका. लाल उजवी आणि तांबूस ग्राउंड हे बऱ्याचदा खरं असतं, पण नियम नाही. टोकं चंदेरी झाली की मीटरनेच ओळख पटवा. ज्या दोन वायरींमध्ये 16 ऐवजी 32 च्या आसपास येतं त्या डाव्या आणि उजव्या बाजूच्या, आणि दोघींशी 16 दाखवणारी ती ग्राउंड. दोन्ही बाजूंच्या ग्राउंड वेगवेगळ्या आल्या असतील तर 16 ओमच्या दोन स्वतंत्र जोड्या मिळतील. अशा जोड्यांतल्या सारख्या रंगाच्या दोन सहसा ग्राउंड असतात, त्या जॅकमध्ये एकत्र जोडायच्या. माईकची वायर ग्राउंडशी हजार ओम किंवा त्याहून मोठा आकडा दाखवते, आणि बटण दाबलं की शून्याजवळ येते. डावी-उजवी ओळखायला मीटर लावताना टक्‌ कोणत्या कानात होते ते ऐका.

डाग देताना नवीन जॅक एखाद्या निकामी सॉकेटमध्ये खोचून ठेवा. जॅकच्या पायांमध्ये प्लास्टिकच्या चकत्या असतात, आयर्न जास्त वेळ टेकवलं तर त्या वितळतात, कडी सरकतात आणि आत शॉर्ट होतं. म्हणून पायांवर आधी थोडं सोल्डर चढवून घ्या आणि मग प्रत्येक डाग सेकंद-दोन सेकंदांत उरका. टोकाच्या भागाचा पाय आतल्या बाजूला असतो, त्याचा डाग आधी द्या. ग्राउंडच्या पत्र्याला असलेले कान वायरच्या बाहेरच्या आवरणावर दाबायचे असतात, उघड्या तारांवर नाही. ते आवरण धरून राहिले तर ओढ डागांवर येत नाही. मग हीट श्रिंक ट्यूब अशी बसवा की तिची निम्मी लांबी जॅकच्या आत आणि निम्मी बाहेर राहील.

दोष सांध्यात निघाला तर टोपण शिवणीवर उघडतं का पाहा. अखंड ओतलेलं असेल तर ब्लेडने लांबीच्या दिशेने चीर द्या, आडवा काप कधीच नको, तो धड वायरींतून जातो. तुटलेली वायर एकच असली तरी तिच्या शेजारच्या वायरीही त्याच कडेवर तेवढ्याच वाकल्या आहेत, त्यामुळे लांबी पुरत असेल तर मी त्या जागेवरच्या सगळ्या वायरी कापून नव्याने जोडतो. प्रत्येक जोड शेजारच्या जोडापासून 5-6 मिलिमीटर पुढे-मागे ठेवा, म्हणजे दोन जोड समोरासमोर येत नाहीत आणि सांधा जाडही होत नाही. प्रत्येक जोडावर बारीक हीट श्रिंक ट्यूब, आणि ती वायर जोडण्याआधी ओवलेली. दोन्ही फाट्यांची लांबी सारखी राहते ना ते कापतानाच पाहा. मग तीनही वायरींची बाहेरची आवरणं टोपणाच्या आत एकत्र दोऱ्याने घट्ट बांधा, जेणेकरून ओढ आवरणांवर जाईल, आणि सगळ्यावर जाड हीट श्रिंक ट्यूब टोपणाच्या दोन्ही कडांपुढे सेंटिमीटरभर येईल अशी घ्या. कडक गोंद भरू नका. तो सुकला की त्याच्या कडेशी परत तीच धारदार रेषा तयार होते.

इअरफोनच्या तोंडाशी दोष निघाला तर विचार करा. कवच चिकटवलेलं असतं, उघडताना चीर जाते, आणि आत ड्रायव्हरच्या पायांवर डाग देताना उष्णता जास्त झाली तर कॉइलची वायर सुटते. हे काम होतं, पण हात बसलेला हवा. टाइप-सी प्लगच्या इअरफोनला वरची मापं लागू होत नाहीत. बहुतेकांच्या प्लगमध्येच आवाज तयार करणारी चिप असते, प्लगवर प्रोब लावून ड्रायव्हरचा रोध मिळत नाही, आणि प्लग कापला तर साधा प्लग त्याच्या जागी चालत नाही. तिथे फक्त आवाज ऐकत, पट्ट्या लावून शोध घ्या.

जोड झाल्यावर झाकण लावण्याआधी तीनही मापं परत घ्या: डावी-ग्राउंड, उजवी-ग्राउंड, डावी-उजवी. पहिली दोन मापं एक-दोन ओमच्या फरकाने सारखी आणि तिसरी त्यांच्या बेरजेएवढी यायला हवी. मग पट्ट्या लावून नवीन जोडाच्या दोन्ही बाजू वाकवा आणि ढकला, कान लावून. टक्‌ आलं नाही तरच झाकण फिरवा. फोनला लावल्यावर डावी-उजवी अदलाबदल झालेली नाही हे आवाजाच्या पट्टीने पाहा, आणि बटण दाबून माईकही तपासा.

तुमच्या बाबतीत माझा कल सांध्याकडे आहे, पण जॅकजवळची पट्टी आधी लावा. दोन मिनिटांचं काम आहे आणि निकाल माझ्या अंदाजापेक्षा पक्का मिळेल. मापं आणि डबी कोणत्या फाट्यावर आहे ते कळवलंत तर पुढचं सांगता येईल.